गुरुवारी तीन ते चार

सोमवारी सकाळी साहेबांचा मेसेज आला तेव्हा मी अजून पर्सही खाली ठेवली नव्हती. एक चित्र आणि त्याखाली एक शब्द: "जमवा."

आमच्या साहेबांना दोनच गोष्टी लिहिता येतात. काम सांगायचं असलं की "जमवा", आणि काम झाल्याचं कळवलं की वर केलेला अंगठा. तिसरं काही मी इतक्या वर्षांत पाहिलेलं नाही. अंगठा वाचून दिलेला असतो की न वाचता, याचा मी सुरुवातीला विचार करायचे. मग सोडून दिला. एकदा मी चुकून माझ्या वाणसामानाची यादी त्यांना पाठवली होती, तिलाही अंगठा आला होता.

आमचा कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा आहे. खाली मशिनं, वर ऑफिस. साहेब त्याचे संचालक आणि मी त्यांची सहायक. त्यांचा आठवडा लावणं हे माझं मुख्य काम. आता संचालकाचा आठवडा लावणं ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात ते दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं निवडत बसण्यासारखं आहे. समोरून कुणी विचारलं की साहेब "हो" म्हणतात. एकाच वेळेला तिघांना "हो" म्हणतात. मग तिघांपैकी दोघांना फोन करून गोड आवाजात "अहो, काय झालं माहितीये का" म्हणायला मी आहेच.

एरवी त्यांचं कॅलेंडर मला माझ्या संगणकावर दिसतं. पण त्या शनिवार-रविवारी सगळं नव्या यंत्रणेवर हलवायला घेतलं होतं आणि माझा प्रवेश बंद पडला होता. संगणकवाल्यांनी सांगितलं, शुक्रवारपर्यंत थांबा. म्हणून साहेबांनी घरच्या टॅबवरून आपल्या आठवड्याचा स्क्रीनशॉट काढून पाठवला होता.

मी तो मोठ्या पडद्यावर उघडला आणि माझ्या पद्धतीने सुरुवात केली. माझी पद्धत साधी आहे. चित्रावरच खुणा करायच्या. एकावर एक आलेल्या भेटींना लाल गोल, दोन भेटींमध्ये पुरेसा वेळ नसला तर पिवळा. मग खाली ओळी लिहायच्या: कुठे काय अडतंय, मी काय करणार. ते साहेबांना पाठवायचं. अंगठा आला की फोन लावायला घ्यायचे.

चित्रात सगळं दिसत नाही हे आधी लक्षात ठेवावं लागतं. हे चित्र संध्याकाळी सहाला कापलेलं होतं, म्हणजे सहानंतरचं काही कळत नव्हतं. सगळ्यात वर दिवसभराच्या नोंदींची पट्टी असते, तिथे शुक्रवारखाली "आणखी २" असं लिहून बाकीचं दुमडलेलं होतं. मी लिहिलं, "खालचा भाग आणि वरची पट्टी उघडून अजून एक चित्र पाठवा." ते मात्र आलं. शुक्रवारी सकाळचं विमान, पुढे दहा दिवस परदेश. संध्याकाळी फक्त जेवणं.

मग लाल गोल. एकट्या भेटीचा चौकोन दिवसाच्या पूर्ण रुंदीचा असतो. दोन भेटी एका वेळी आल्या की दोघी अंग चोरून अर्ध्या-अर्ध्या जागेत उभ्या राहतात. म्हणून मी आधी बारीक चौकोन शोधते. सोमवारी अकराला बँकवाले, त्यांच्या मध्यातच साडेअकराला विक्रीचा आढावा. लाल. मंगळवारी दोन बारीक चौकोन होते, पण एकाच्या नावावर रेघ मारलेली होती, म्हणजे साहेबांनी ते बोलावणं आधीच नाकारलं होतं. तिथे काही अडत नव्हतं. बुधवारी सकाळी एकच बैठक दोनदा आलेली, एकदा बोलावणाऱ्याने टाकलेली आणि एकदा साहेबांनी स्वतः. नवखं कुणी असतं तर त्याने तिथेही लाल गोल काढून दोन माणसांना उगाच फोन केले असते.

नंतर पिवळे. शेवटाची वेळ चौकोनात लिहिलेली नसते. त्याची खालची कड तासाच्या रेघेवर कुठे येते ते बघून ओळखायची. बुधवारी गोदामाची पाहणी एकला संपत होती आणि एकलाच गावाच्या दुसऱ्या टोकाला वितरकांसोबत जेवण होतं. दोन्ही चौकोन एकमेकांना चिकटलेले, मधे केस जाईल एवढी फट नाही. कॅलेंडरला रस्ते माहीत नसतात. त्याला वाटतं माणूस एकला इथे आणि एकलाच तिथे असू शकतो. साहेबांनाही तसंच वाटतं.

आणि मग गुरुवार. दोन ते तीन लेखापरीक्षक. चार वाजता संचालक मंडळाची व्हिडिओवरची बैठक, जिच्यात साहेबांना तोंड दाखवावंच लागतं. मधल्या तासात दोन बारीक चौकोन शेजारी शेजारी. डावीकडे: "सुनावणी – पॅकिंग विभाग", तीन ते पावणेचार. उजवीकडे, तीन ते चार, छोट्या कुलुपाची खूण असलेला खासगी चौकोन.

हे खासगी चौकोन मला एरवी नुसते राखाडी दिसतात. वर लिहिलेलं असतं "व्यस्त", बस. मालकाला काय आहे ते दिसतं, बाकीच्यांना तेवढंच. पण हे चित्र मालकाच्या टॅबवरचं होतं. त्यामुळे त्या दिवशी मला पहिल्यांदाच आतलं अक्षर दिसलं.

"केस रंगवणे – मागची खोली."

मी ते दोनदा वाचलं. मग चहा प्यायला उठले आणि चहा न घेताच परत आले.

ही सुनावणी कुणाची ते सांगायला हवं. खाली पॅकिंगला एक बाई होती, सगळे तिला मावशी म्हणतात. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं कापायच्या मशीनमध्ये गेली. पाच नंबरच्या. पर्यवेक्षकाने लिहून दिलं की तिने स्वतःच मशीनच्या पात्यापुढची संरक्षक जाळी काढून ठेवली होती, हलगर्जीपणा. बोटं गेली आणि वर नोकरीही गेली. तिने साहेबांकडे अपील केलं. आमच्या नियमात आहे की अपील ठरलेल्या मुदतीत साहेबांनी स्वतः, समोरासमोर ऐकायचं. मुदत टळली तर खालचा निर्णय कायम. मुदत त्या शुक्रवारी संपत होती. आणि शुक्रवारी सकाळी साहेब आकाशात असणार होते.

दोनदा सुनावणी ठरली होती. दोन्ही वेळा आदल्या दिवशी तिथे राखाडी पट्टी येऊन बसली, "व्यस्त". दोन्ही वेळा मीच मावशीला फोन केला, "तातडीचं काम आलंय हो साहेबांना." ती म्हणाली होती, "असू दे बाई, मोठी माणसं." त्या दोन पट्ट्यांखाली काय होतं ते आता देव जाणे. फॅक्टरीला आग लागल्यासारखं सांगितलं होतं मी. आता मला त्यातही केसांचा रंग दिसायला लागला.

आणि आणखी एक गोष्ट उलगडली. दर महिन्याला मंडळाच्या बैठकीच्या दिवशी एक माणूस मागच्या जिन्याने यायचा. हातात काळी बॅग. साहेबांनी मला सांगितलं होतं, पाण्याच्या फिल्टरची दुरुस्ती. मी दर महिन्याला त्याचा गेटपास बनवायचे, "फिल्टरवाला". तो आला की मागच्या खोलीतून नाकात झोंबणारा वास यायचा आणि मी शिपायाला म्हणायचे, औषध टाकून धुतोय वाटतं. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या कानामागे काळा डाग. सहीच्या कागदांच्या कडेला काळे ठसे. ते मी खोडरबरने पुसत बसायचे, शाई समजून. आणि फिल्टरचं पाणी गेली दोन वर्षं गंजाच्या चवीचं येतंय, ते येतंयच.

मी कर्मचारी विभागाच्या अधिकाऱ्यांकडे गेले. सुनावणीला ते लागतात. पाठीमागे आम्ही त्यांना साबण म्हणतो, कारण ते कुणाच्याच हातात सापडत नाहीत.

"गुरुवारची सुनावणी दुसऱ्या कामावर आलीय," मी म्हटलं.

साबणांनी खुर्चीतच मान तिरकी केली. "मग पुढच्या आठवड्यात टाका की मॅडम."

"शुक्रवारी मुदत संपते. पुढच्या आठवड्यात साहेब नाहीत."

"हो ना," ते अगदी हळुवार म्हणाले. "मग काय, फाइल आपोआप बंद होईल. कुणी कुणाला वाईट ठरवायला नको, कुणाच्या तोंडावर नाही म्हणायला नको. एका अर्थी सगळ्यांचीच सुटका."

"मावशीचीसुद्धा?"

"तुम्ही फार मनाला लावून घेता." त्यांनी माझ्यापुढे बडीशेपेची डबी सरकवली.

मला त्या डबीचा, त्या हाताचा, त्या नीट कापलेल्या नखांचा असा वीट आला की मी डबी तशीच परत सरकवून निघून आले. वाईट माणूस समोर असला तर निदान भांडता येतं. हा माणूस वाईटही नव्हता. तो नुसता ओला होता.

जागेवर बसून मी पुन्हा ते चित्र बघत राहिले. लाल गोल काढला होता. खाली ओळ काय लिहायची ते सुचत नव्हतं. लेखापरीक्षकांना हलवता येत नव्हतं, ते बाहेरगावहून येणार होते. चारची बैठक हलवणं माझ्या हातात नव्हतं. सकाळचा वेळ पाहुण्यांनी भरलेला. बुधवारी तर पिवळ्यावर पिवळं. आठवड्यात कुठेही पाऊण तासाची मोकळी जागा नव्हती. म्हणजे प्रश्न सरळ होता: मावशीची नोकरी की साहेबांचे केस. आणि उत्तर काय येणार हे मला, साबणांना आणि त्या फिल्टरवाल्याला, सगळ्यांना माहीत होतं.

मग मला माझी धाकटी नणंद आठवली. तिचं पार्लर आहे. मी तिला फोन लावला.

"केसांना रंग लावायला किती वेळ लागतो गं?"

"वहिनी, अखेर आलीस ना शुद्धीवर," ती म्हणाली. "मी कधीची सांगतेय, कपाळावरचे पांढरे..."

"माझे नाहीत. पुरुषाचे. थोडेच आहेत."

"कोण पुरुष?"

"मरू दे तो पुरुष. वेळ सांग."

"थोडेच असतील तर लावायला पंधरा मिनिटं. मग अर्धा तास तसंच बसून राहायचं. मग धुवायचं."

"त्या अर्ध्या तासात माणूस काय करतो?"

"काय करणार? बसतो. गळ्यात प्लॅस्टिक, कानाला कापूस. उठला तर ओघळ येतात. माझ्याकडच्या बायका गप्पा मारतात."

"आणि जास्त वेळ ठेवलं तर?"

"टाळू चरचरायला लागते. काहींची तर आगच होते. पण वहिनी, पुरुष कोण ते..."

मी फोन ठेवला. इतकी वर्षं मी चौकोनांच्या मधल्या फटी शोधत आलेय. चौकोनाच्या आत फट असू शकते हे मला त्या दिवशी कळलं. सव्वातीन ते पावणेचार साहेब रिकामे होते. एका खोलीत, एका खुर्चीत, आणि उठून जायची सोय नसलेले.

मी चित्राखाली ओळी लिहिल्या. सोमवार: विक्रीचा आढावा सव्वाबाराला नेते. बुधवार: पाहणी अर्धा तास आधी संपवायला सांगते, जेवण दीडला. आणि मग: "गुरुवार, तीन ते चार: दोन नोंदी एकावर एक. सुनावणीची मुदत शुक्रवारी संपते, म्हणून ती पुढे नेता येत नाही. दोन्ही मागच्या खोलीतच जमवते, सुनावणी सव्वातीनला." एकही अक्षर खोटं लिहिलं नाही. पाठवलं.

अंगठा इतक्या लवकर आला की तेवढ्यात पहिली ओळसुद्धा कुणाची वाचून झाली नसती.

गुरुवारी मावशी अडीचलाच आली. इस्त्री केलेली साडी, उजवा हात पदराखाली. मी तिला माझ्या टेबलासमोर बसवलं. ती ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होती, परीक्षेला आलेल्या पोरीसारखी.

"पाठ केलंय का?" मी विचारलं.

"क्रमाने सांगायचं म्हणून. मधेच विसरायला होतं. शेवटचं महत्त्वाचं आहे, ते राहायला नको."

"साहेबांसमोर जरा वेगळं दिसेल," मी म्हटलं. "तुम्ही तिकडे बघू नका. तुमचं तुम्ही सांगा."

तीनला लेखापरीक्षक गेले. फिल्टरवाला मागच्या जिन्याने चढला. वास आला. साबण सव्वातीनला फाइल घेऊन आले ते मुळात सुनावणी होत नाही असं गृहीत धरूनच. "सही करून घेतो, साहेब उपलब्ध नाहीत म्हणून" असं म्हणत होते. मी म्हटलं, "उपलब्ध आहेत. चला." दार वाजवलं आणि उघडलं.

साहेब खिडकीपाशी खुर्चीत होते. गळ्याभोवती काळं प्लॅस्टिक, कानांवर कापूस, आणि डोक्यावर तो चिकट, चकाकणारा लेप. त्याच्या खाली त्यांचा चेहरा एकदम छोटा आणि म्हातारा दिसत होता. कपाळावर एक ओघळ भुवईपर्यंत आलेला. हातात फोन. दर महिन्याला याच खोलीतून बाहेर येऊन हा माणूस आम्हाला "पारदर्शकता" शिकवतो. मला किळस आली, आणि थोडी स्वतःचीही, कारण हे सगळं मीच मांडलं होतं.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

"सुनावणी, साहेब. सोमवारी कळवलं होतं, तुमचा अंगठा आला होता."

"आत्ता? इथे?"

"आज नाही झाली तर होणारच नाही. चारला मंडळाची बैठक आहे."

ते अर्धवट उठले. ओघळ भुवईवरून डोळ्याकडे निघाला. फिल्टरवाल्याने खांद्यावर हात ठेवून त्यांना परत बसवलं, "साहेब, हलू नका, शर्टावर जाईल." साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या टेबलाचे खण रिकामे केलेले दिसले. मी खुर्ची ओढली, मावशीला बसवलं, साबणांना बसवलं आणि इतिवृत्त लिहायला वही उघडली. साबण आपल्या बुटांकडे बघत होते.

"बोला मावशी," मी म्हटलं.

मावशीने सांगितलं. खालमानेने, पण नीट क्रमाने. पाच नंबरची जाळी फिटरने तेल घालायला काढली होती. त्याला दुसरीकडे बोलावलं, जाळी भिंतीला टेकवलेलीच राहिली. तिने पर्यवेक्षकाला सांगितलं. तो म्हणाला, माल आज जायचाय, सावकाश चालव, उद्या बसवू. उद्याही तेच. परवा तिची बोटं गेली. बोलताना तिने पदराखालून हात काढला आणि टेबलावर ठेवला, दाखवायला म्हणून नव्हे. बसल्यावर माणूस हात ठेवतो तसा.

साहेब भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. साडेतीन झाले. त्यांनी एकदा डोक्याकडे बोट नेलं आणि फिल्टरवाल्याने "अहं" केलं.

"दवाखान्यात नेताना जाळी तिथेच होती," मावशी म्हणाली. "मी काढली असती तर ती माझ्या बाकाजवळ असती ना साहेब? ती भिंतीला होती. सगळ्यांनी बघितली. मग..."

"वाजले किती?" साहेबांनी विचारलं.

"तीन चाळीस," फिल्टरवाला म्हणाला. "आता धुवायला घेऊ. आज जरा कडक रंग आहे."

"एक मिनिट," मी म्हटलं. "सुनावणी चालू आहे. मधेच उठलात तर ती झाली असं लिहिता येणार नाही."

हे खरंच नियमात आहे. पण मी ते ज्या आवाजात म्हटलं तो आवाज नियमातला नव्हता.

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. खुर्चीच्या हातावर बोटं वाजत होती. मावशी आपली ओळीवर ओळ सांगत होती, न घाई करता, जसं घोकलं होतं तसं. "मग मी म्हटलं..."

"काय हवंय हिला?" साहेब साबणांना म्हणाले.

साबण दचकले. "कामावर परत, साहेब. पण पर्यवेक्षकाचा अहवाल..."

"घ्या."

"म्हणजे चौकशी करून..."

"घ्या म्हटलं ना. हलकं काम द्या कुठेतरी. सही कुठे? लवकर आणा, आग होतेय नुसती."

मी कागद पुढे धरला. सही झाली. सहीच्या शेजारी एक काळा थेंब पडला आणि पसरला. या वेळी मी खोडरबर शोधलं नाही. साहेब डोकं पुढे धरून मोरीकडे पळाले, प्लॅस्टिक फडफडत होतं, आणि नळाचा आवाज सुरू झाला.

बाहेर आल्यावर, आपल्या दारात शिरता शिरता, साबण माझ्याकडे वळून कुजबुजले, "छान झालं हो. मी म्हणतच होतो, बोलून प्रश्न सुटतात." मी त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं. दार त्यांच्याच विभागाचं होतं, त्यामुळे ते आत आणि मी बाहेर, एवढंच झालं.

मला वाटलं होतं की मला बरं वाटेल. जिंकल्यासारखं. पण तोंडाला तो रंगाचा वास चिकटून बसला होता. ज्या माणसाने तिला काढलेलं कायम केलं असतं त्यानेच तिला परत घेतलं, आणि दोन्ही वेळा कारण एकच, त्याचं डोकं. तिच्या बोटांचा त्यात कुठे संबंधच आला नाही. टाळू थंड असती तर फाइल बंद झाली असती.

मावशी जिन्यापाशी उभी होती. हातात सहीचा कागद, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"झालं ना मनासारखं?" मी म्हटलं.

"झालं बाई. तुमचे उपकार." ती थांबली. "पण माझं सांगून झालं नव्हतं."

"आता काय करायचंय? सही झाली."

"शेवटचं राहिलं ना. तेच तर सांगायचं होतं." ती खाली, मशिनांच्या आवाजाकडे बघत होती. "मी गेल्या आठवड्यात हिशोबाच्या कागदासाठी आले होते तेव्हा बघितलं. पाच नंबरला अजून जाळी नाहीये. तशीच भिंतीला टेकलीय. माझ्या जागेवर आता एक नवी मुलगी बसते. लांब वेणीची आहे. वेणी पुढे घेऊन काम करते."

मीही खाली, त्या आवाजाकडे बघितलं.

"माझं काय, गेली ती गेली," मावशी म्हणाली. "म्हणून क्रमाने पाठ केलं होतं. आधी माझं, शेवटी तिचं. आधी तिचं सांगायला हवं होतं का?"

मी घड्याळ बघितलं. चारला दोन मिनिटं कमी. ऑफिसच्या काचेतून साहेब दिसत होते: कोरडे, काळेभोर, नवा शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर बसलेले. चारपासून सहापर्यंत मंडळ. सहानंतर जेवण. मग सामान, मग विमान. सोमवारचं ते चित्र मला पाठ झालं होतं. त्यात आता कुठेही, आतही आणि बाहेरही, फट नव्हती. पर्यवेक्षकाला सांगण्यात अर्थ नव्हता, त्याला आधीच सांगून झालं होतं. साबणांना सांगितलं असतं तर त्यांनी बडीशेप दिली असती.

मी फोन काढला आणि साहेबांना लिहिलं: "पाच नंबर मशीन जाळी बसेपर्यंत तुमच्या आदेशाने आत्ता बंद करते."

काचेपलीकडे साहेबांनी कॅमेऱ्याकडे बघून हसत हसत, टेबलाखाली, फोनवर बोट टेकवलं.

अंगठा.

काय वाचलं असेल हे विचारण्यात अर्थ नाही. मी उद्या लिहिलं की साहेब, कारखाना विकून टाकते, तरी येईल. मला त्या अंगठ्याची इतकी शिसारी कधी आली नव्हती, आणि इतका तो कधी उपयोगीही पडला नव्हता. मी त्या संदेशाचं, अंगठ्यासकट, चित्र काढून पर्यवेक्षकाला आणि फिटरला पाठवलं. मग खाली फिटरला फोन लावला आणि त्याने मशीनचं लाल बटण दाबेपर्यंत ठेवला नाही.

जिन्यात उभं राहिलं की खालची मशिनं पायाला जाणवतात. त्यांतलं एक थांबलं. मावशीला ते माझ्याआधी कळलं. तिने डावा हात कठड्यावर ठेवला होता.

"साहेबांना पटलं?" तिने विचारलं.

"त्यांना कळवलंय," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट बघितलं, मान हलवली आणि कठडा धरून खाली गेली. मी जागेवर आले. नवं चित्र आलेलं होतं, परतल्यानंतरच्या आठवड्याचं. खाली लिहिलं होतं, "जमवा." मी लाल पेन काढलं आणि सगळ्यात आधी पाण्याच्या फिल्टरसाठी एक खराखुरा माणूस बोलावला.